मावळतीची बारा मिनिटे: प्रार्थनेचा विराम आणि चालती लाइन

कारखान्यात प्रार्थनेच्या विरामावरून वाद होतो तेव्हा तो बहुतेकदा दुसऱ्या पाळीत आणि सूर्यास्ताच्या सुमारास होतो, आणि त्याचे कारण घड्याळात आहे. दुपारच्या नमाजाला मध्यान्हानंतर बराच अवधी असल्यामुळे तो जेवणाच्या सुट्टीत बसतो, आणि रात्रीच्या नमाजाला रात्रीचा मोठा भाग मोकळा असतो. सूर्यास्ताच्या मगरिबला मात्र सूर्य बुडाल्यापासून संधिप्रकाश विरेपर्यंतचा, म्हणजे साधारण एक ते दीड तासाचाच वेळ मिळतो. शिवाय ही वेळ एका जागी ठरत नाही. उत्तरेला ४० अंशांच्या आसपासच्या कारखान्यात डिसेंबरमध्ये साडेचारला सूर्य मावळतो आणि उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेले असल्यास जूनमध्ये साडेआठला. पाळीचे वेळापत्रक मात्र वर्षभर एकच राहते. या विषयाचा इतिहास म्हणजे सरकणारी वेळ आणि न सरकणारे वेळापत्रक यांची सांगड कोणी घालायची आणि तिचा खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नाचा इतिहास आहे.

सुरुवातीच्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. मोटारींच्या जुळणीची सरकती लाइन अमेरिकेत मिशिगन राज्यात १९१३ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे नऊ तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या लागल्या. लाइन आली तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून दोन मिनिटे उठण्याची मुभा संपली, कारण एक जागा रिकामी राहिली की पुढच्या सगळ्या जागा अडतात. त्यावर तोडगा म्हणून रिलीव्हर आला. पाणी पिण्यासाठी किंवा लघवीसाठी उठणाऱ्याच्या जागी तेवढ्या वेळापुरता उभा राहणारा हा माणूस एकापेक्षा अधिक जागांचे काम जाणतो. पुढे प्रार्थनेच्या विरामासाठी जी जी व्यवस्था उभी राहिली तिच्या मुळाशी हाच रिलीव्हर आहे. ती सवलत नव्याने शोधलेली नव्हती, हे पुढच्या वादात अनेकदा विसरले गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या कारखान्यांत तुर्कस्तान आणि उत्तर आफ्रिकेतून मोठ्या संख्येने कामगार आले. पॅरिसजवळच्या एका मोटार कारखान्यात १९७६ मध्ये कामगारांच्या मागणीनंतर आवारातच नमाजाची जागा मिळाली. जागा मिळाली तरी वेळेचा प्रश्न सुटत नाही, हे तेव्हापासून दिसत आले आहे. जर्मनीतील एका प्रांतीय कामगार न्यायालयाने २००२ मध्ये सकाळच्या काही मिनिटांच्या नमाजासंबंधीच्या प्रकरणात असे मत दिले की, धर्मस्वातंत्र्य असले तरी कामगाराने वरिष्ठाशी बोलून वेळ ठरवल्याशिवाय जागा सोडू नये. वरवर हा साधा शिस्तीचा मुद्दा वाटतो, पण लाइनच्या दृष्टीने तोच कळीचा आहे: विराम आधी माहीत असेल तर रिलीव्हर उभा करता येतो, नसेल तर शेजारच्या माणसाला दोन जागा सांभाळाव्या लागतात.

खरा गुंता अमेरिकेत झाला, आणि तो एका शब्दप्रयोगापायी. तिथे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात नोकरीतील धार्मिक भेदभावाला बंदी घातली गेली. १९७२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन, कामगाराच्या धर्माचरणाला मालकाने वाजवी सोय करून द्यावी, मात्र त्यामुळे धंद्याला ‘अवाजवी अडचण’ होत असेल तर ती नाकारता येईल, असे ठरले. अवाजवी म्हणजे किती, हे कायद्याने सांगितले नाही. ते १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितले. कॅन्सास सिटीतील विमानदुरुस्तीच्या तळावर भांडार विभाग चोवीस तास चालत असे. तिथल्या एका कामगाराचा शनिवार हा विश्रामदिन होता आणि त्याची ज्येष्ठता कमी असल्यामुळे पाळीवाटपात त्याच्या वाट्याला शनिवार येत होता. त्याच्या जागी दुसऱ्याला ओव्हरटाइमवर बोलावणे हा एक मार्ग होता. न्यायालयाने म्हटले की, ‘नगण्याहून अधिक’ खर्च पडत असेल तर ती अवाजवी अडचणच ठरते. त्या निकालाशी असहमत न्यायमूर्तींनी लक्षात आणून दिले होते की, तीन महिन्यांच्या ओव्हरटाइमचा हा खर्च दीडशे डॉलर होता.

या दोन शब्दांचे वजन किती झाले ते कारखान्याच्या जमिनीवर उभे राहूनच कळते. ‘अवाजवी’ आणि ‘नगण्याहून अधिक’ हे बोलीत कुणीही एक मानणार नाही. पहिल्यात डोईजड ओझे आहे, दुसऱ्यात जेमतेम जाणवणारे. पण निकालानंतर पहिल्याचा अर्थ दुसऱ्याने लावायचा असे ठरले, आणि ४६ वर्षे तसेच चालले. लाइनवरचा कोणताही विराम काहीतरी खर्च आणतोच: रिलीव्हरचा पगार, लाइनची गती थोडी उतरणे, एखादी वस्तू पुन्हा दुरुस्तीला जाणे. त्यामुळे पाच मिनिटांच्या विरामालाही ‘नगण्याहून अधिक’ म्हणता येत असे. माझ्या मते या निकालाने सर्वांत मोठे नुकसान केले ते हिशेबाचे. खर्च आहे एवढे दाखवले की पुरे, मग तो किती आहे आणि कोणत्या मांडणीत कमी होतो हे मोजण्याची गरज मालकाला उरली नाही.

त्याचा परिणाम मांसप्रक्रियेच्या कारखान्यांत सर्वांत ठळक दिसला, कारण तिथे सोमालियातून आलेले कामगार मोठ्या संख्येने दुसऱ्या पाळीत होते. हा उद्योग या प्रश्नासाठी सर्वांत अवघड आहे. कापलेल्या जनावराचे धड साखळीला टांगलेले पुढे सरकत राहते, दोन जागांच्या मध्ये माल साठवून ठेवता येत नाही, मांस फार वेळ बाहेर राहू देता येत नाही, आणि धारदार सुरीने काम करणाऱ्याच्या वाट्याला अचानक दुप्पट काम आले तर दुखापतीचा धोका वाढतो. २००८ मध्ये रमजान सप्टेंबरात आला, म्हणजे सूर्यास्त दुसऱ्या पाळीच्या ऐन मध्यावर आला. नेब्रास्कातील एका कारखान्यात जेवणाची सुट्टी सूर्यास्ताकडे सरकवण्याचे मान्य झाले. पण त्यामुळे पाळी आखूड होऊन आपला पगार कमी होईल म्हणून इतर कामगार उठले, आणि ती तडजोड मागे घेतली गेली. कोलोरॅडोतील त्याच समूहाच्या कारखान्यात त्याच महिन्यात शंभराहून अधिक कामगारांना कामावरून काढण्यात आले. दोन्हीकडे खटले झाले. नेब्रास्काच्या प्रकरणात २०१३ मध्ये न्यायालयाने, अनियोजित विराम देणे ही अवाजवी अडचण आहे, हे मालकाचे म्हणणे मान्य केले. कोलोरॅडोचे प्रकरण २०२१ मध्ये ५५ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटले.

या घटनांत एक गोष्ट नीट वेगळी काढायला हवी. सगळी लाइन एकदम थांबवून सुट्टी सरकवणे आणि माणसे एकेक करून सोडणे या दोन पूर्णपणे भिन्न व्यवस्था आहेत. पहिलीत इतरांचे जेवण आणि पगार बदलतो, म्हणून ती कामगारांमध्येच तेढ निर्माण करते. दुसरीत इतरांचे वेळापत्रक तसेच राहते, पण रिलीव्हर लागतात. किती लागतात हे एका उदाहरणाने पाहू.

समजा लाइनवर साठ जागा आहेत आणि दुसऱ्या पाळीतील अठरा जणांना मगरिबसाठी उठायचे आहे. जायला दोन मिनिटे, वजूला म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला दोन, नमाजाला पाच, परतायला दोन आणि जागा एकमेकांच्या हाती देण्यात एक, अशी एका माणसामागे बारा मिनिटे धरू. मगरिबचा अवधी पंचाहत्तर मिनिटांचा असेल तर एक रिलीव्हर ओळीने सहा जणांना सोडू शकतो, आणि अठरा जणांना तीन रिलीव्हर पुरतात. त्यांची प्रत्येकी बहात्तर मिनिटे खर्ची पडली, म्हणजे एकूण २१६ मनुष्य-मिनिटे. त्याऐवजी सगळी लाइन बारा मिनिटे थांबवली तर साठ माणसांची ७२० मनुष्य-मिनिटे जातात, आणि लाइन पुन्हा गतीला येईपर्यंतचा तोटा वेगळाच. आता नमाजाची जागा दोनऐवजी पाच मिनिटांवर आहे असे धरा. एका माणसाला अठरा मिनिटे लागतात, एक रिलीव्हर चौघांनाच सोडू शकतो, आणि तीनऐवजी पाच रिलीव्हर लागतात. म्हणजे ज्या खर्चावर वकील भांडतात त्याचा मोठा भाग खोली कुठे आहे यावर ठरलेला असतो.

रिलीव्हर न देता साठ्यावर विराम काढण्याचाही प्रयोग होतो, आणि तिथे फसगत उशिरा कळते. लाइन दर साठ सेकंदांना एक वस्तू पुढे सरकवत असेल, तर बारा मिनिटे रिकाम्या जागेच्या आधी बारा वस्तू ठेवायला जागा हवी आणि नंतर बारा तयार वस्तू हाताशी हव्यात. परतलेल्या कामगाराला एका वस्तूला पन्नास सेकंद लागत असतील तर तो मिनिटाला एक-पंचमांश वस्तूइतकीच आघाडी घेतो, आणि बारा वस्तूंची तूट भरून काढायला त्याला एक तास लागतो. त्या तासाच्या आत त्याच पट्ट्यातला दुसरा माणूस उठला तर लाइन नमाजाच्या वेळी थांबत नाही, अर्ध्या तासाने थांबते, आणि नोंदवहीत कारण म्हणून ‘माल नाही’ एवढेच लिहिले जाते. म्हणून तपासायचे ते विरामाच्या वेळचे उत्पादन नसून पुढच्या विरामाआधी साठा पूर्ववत झाला की नाही हे. रिलीव्हरच्या व्यवस्थेत बिघाडाची खूण वेगळी असते: तो ज्या जागेवर पुरता तयार नाही तिथली दुरुस्तीला जाणारी संख्या ठरावीक वेळेतच वाढते.

२९ जून २०२३ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने टपालखात्यातील रविवारच्या कामासंबंधीच्या प्रकरणात ‘नगण्याहून अधिक’ हे माप एकमताने बाजूला ठेवले. आता मालकाने दाखवायचे ते असे की, या सवलतीचा बोजा त्याच्या विशिष्ट धंद्याच्या एकूण पसाऱ्यात लक्षणीय वाढीव खर्च ठरतो. सहकाऱ्यांना एखादा धर्म किंवा धर्माला दिलेली सवलत आवडत नाही, ही बाब अडचण म्हणून मोजता येणार नाही, आणि इतरांना सक्तीने ओव्हरटाइम द्यावा लागेल एवढे म्हणून थांबताही येणार नाही. स्वखुशीने पाळी बदलण्यासारखे पर्याय तपासावे लागतील. वरच्या उदाहरणातील तीन रिलीव्हर साठ जणांच्या लाइनवर लक्षणीय आहेत का, हा प्रश्न आता खरोखर उपस्थित होतो, आणि ते रिलीव्हर इतर गरजांसाठी आधीच नेमलेले असतील तर त्याचे उत्तर बरेच सोपे होते. साठपैकी चाळीस जणांना उठायचे असेल तर सात रिलीव्हर लागतील, आणि मग सूर्यास्तानुसार दर आठवड्याला सरकणारी एकच सर्वांची सुट्टी, इतरांचा पगार न कापता, अधिक सोयीची ठरू शकते. त्या पगाराचा भार कोणी घ्यायचा हा २००८ मधला प्रश्न मात्र त्या निकालाने थेट सोडवलेला नाही.