वाटणी झाल्यावर दुसरं मृत्युपत्र सापडलं तर: कोणी, कुठे आणि कोणत्या कागदांसह अर्ज करायचा

वाई तालुक्यातल्या दोन भावांचं उदाहरण घेऊ. गोष्ट रचलेली आहे, पण तिच्यातली प्रत्येक अडचण प्रत्यक्षात येणारी आहे.

वडिलांनी 2009 साली दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेलं मृत्युपत्र केलं होतं. गावातलं घर थोरल्याला आणि 80 गुंठे जमीन धाकट्याला. बारामतीला दिलेल्या बहिणीचा त्यात उल्लेख नव्हता. आई आधीच गेलेली. 2021 मध्ये वडील वारले, फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर धाकट्याचं नाव लागलं. बहिणीला नोटीस गेली होती, तिने हरकत घेतली नाही.

मे 2025 मध्ये घराची कौलं उतरवायची म्हणून माळा रिकामा करताना थोरल्याला जुनी लोखंडी ट्रंक सापडली. आईचं लुगडं, सोसायटीच्या पावत्या आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन ताव. वडिलांच्या अक्षरातलं, 2016 सालचं मृत्युपत्र. त्यात जमिनीतले 40 गुंठे धाकट्याला, 20 थोरल्याला आणि 20 बहिणीला. खाली वडिलांची सही आणि दोन साक्षीदार. एक निवृत्त शिक्षक, आता हयात नाहीत. दुसरे दूध डेअरीचे माजी सचिव, वय ऐंशीच्या पुढे, पण बोलणं स्पष्ट.

धाकटा म्हणाला, "दादा, फेरफार होऊन चार वर्षं झाली. तुझा कागद साधा, माझा रजिस्टर. ठेव परत ट्रंकेत."

या वाक्यातली दोन्ही गृहीतकं चुकीची आहेत आणि बहुतेक घरांत गाडं तिथेच अडतं. मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही आणि स्टॅम्प पेपरही लागत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 च्या कलम 63 नुसार मृत्युपत्र करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येक साक्षीदाराने त्याला सही करताना पाहिलेलं असावं किंवा "ही माझीच सही" असं त्याने साक्षीदाराला सांगितलेलं असावं. साक्षीदारांनीही त्याच्यासमोर सही करायची. हे पूर्ण असेल तर साध्या कागदावरचं नंतरचं मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्रावर मात करतं. राहिला फेरफार. तो महसूल वसुलीसाठीची नोंद आहे, त्याने मालकी ठरत नाही.

आणि परत ट्रंकेत ठेवण्याबद्दल. अप्रामाणिक हेतूने मृत्युपत्र नष्ट करणं किंवा दडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 343 खाली गुन्हा आहे. शिक्षा जन्मठेपेपर्यंत, किंवा 7 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. घरातल्या घरात मिटवू म्हणणाऱ्यांना हे सहसा माहीत नसतं.

दोन्ही मृत्युपत्रं शेजारी ठेवून वाचा

नव्या मृत्युपत्रात "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द" असं वाक्य आहे का, हे आधी शोधा. या कागदात ते नव्हतं. घराविषयीही एक शब्द नव्हता. असं असेल तर जुनं मृत्युपत्र सगळं पडत नाही, नव्याशी विसंगत आहे तेवढंच पडतं. म्हणून घर 2009 प्रमाणे थोरल्याकडेच राहतं आणि जमीन 2016 प्रमाणे तिघांत जाते. घराचीही पुन्हा वाटणी होणार, अशी थोरल्याला भीती होती. ती या एका तपासणीने गेली.

दुसरी तपासणी मालमत्तेच्या स्वरूपाची. इथली जमीन वडिलांनी 1987 मध्ये खरेदीखताने घेतलेली, म्हणजे स्वकष्टार्जित. ती वडिलोपार्जित असती तर वडिलांना फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता आलं असतं आणि बहिणीचा जन्मसिद्ध वाटा कोणत्याही मृत्युपत्राविना उभा राहिला असता. त्यामुळे खरेदीखत आणि जुने फेरफार काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी तपासणी कागदाच्या खरेपणाची. ती घरच्या माणसांनी आधी स्वतःच कठोरपणे करावी. मृत्युपत्रातला गट नंबर त्या तारखेला तसाच होता का? 2016 च्या कागदात 2019 साली पाडलेल्या पोटहिश्श्याचा किंवा नंतर खोदलेल्या विहिरीचा उल्लेख असेल तर कागद नंतर लिहिलेला आहे. सही त्या काळच्या बँकेतल्या आणि सोसायटीतल्या सह्यांशी जुळते का? मजकूर दाटीवाटीने सहीच्या वर बसवलेला दिसतो का? इथे आणखी एक नाजूक गोष्ट होती. कागद ज्याला सापडला त्यालाच 20 गुंठे मिळत होते. लाभ घेणाऱ्यानेच कागद पुढे आणला की न्यायालय जास्त बारकाईने पाहतं आणि संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

म्हणून सापडल्या दिवशीच काय केलं हे महत्त्वाचं ठरतं. थोरल्याने कागद होता त्या जागी ठेवून फोटो काढले, शेजारचे दोघे आणि धाकटा यांना बोलावलं, कुठे, कधी, कशात गुंडाळलेलं सापडलं याची टिपणी लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्याच संध्याकाळी बहिणीला फोन केला. मूळ कागदाला टाचणी लावली नाही, लॅमिनेशन केलं नाही, वर काही लिहिलं नाही. ते वर्तमानपत्रसुद्धा जपून ठेवलं, कारण त्यावर तारीख होती.

अर्ज कोण करू शकतो

मृत्युपत्रात अंमलबजावणीसाठी एक्झिक्युटर नेमलेला असेल तर प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या न्यायालयीन शिक्कामोर्तबाचा, अर्ज फक्त त्यानेच करायचा. इथे कोणी नेमलेला नव्हता. अशा वेळी मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणजे मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार देणारं प्रशासनपत्र मागायचं असतं आणि ते लाभार्थी मागू शकतो. थोरला किंवा बहीण, दोघांपैकी कोणीही. साताऱ्यासारख्या जिल्ह्यात हिंदू कुटुंबाच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नाही, त्यामुळे सगळे वारस एकमताचे असतील तर न्यायालयात न जाताही काम होतं.

वाद असेल तर: जिल्हा न्यायालय

वडिलांचं राहणं किंवा मालमत्ता ज्या जिल्ह्यात, तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज. सोबत लागतात ती कागदं अशी: मृत्यूचा दाखला, दुसऱ्या मृत्युपत्राची मूळ प्रत, पहिल्याची दुय्यम निबंधकाकडून घेतलेली प्रमाणित प्रत, सर्व वारसांची नावं व पत्ते, सातबारा, आठ-अ, झालेल्या फेरफाराची प्रत, घराचा नमुना 8 किंवा मिळकत पत्रिका, मालमत्तेची मूल्यांकनासह यादी आणि हयात साक्षीदाराचं सत्यापन. वडिलांच्या 2016 च्या आसपासच्या सह्यांचे नमुने आणि त्या वर्षीचे दवाखान्याचे कागद असतील तर तेही जोडा, कारण शुद्धीत होते का हा प्रश्न हमखास येतो.

अर्ज दाखल झाला की वारसांना नोटिसा जातात आणि जाहीर नोटीस निघते. कोणी हरकत घेतली तर अर्जाचा दावा होतो आणि साक्षीपुरावे सुरू होतात. हयात असलेल्या एका तरी साक्षीदाराची साक्ष लागते. त्याचं नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र या साक्षीची जागा घेत नाही. डेअरीच्या सचिवांसारखा वयस्कर साक्षीदार असेल तर पहिल्याच तारखांना कोर्ट कमिशनर नेमून घरी जबाब घेण्याचा अर्ज द्यावा. ते गेले तर वडिलांची आणि किमान एका साक्षीदाराची सही हस्ताक्षराच्या पुराव्याने सिद्ध करावी लागेल, आणि ते फार कठीण जातं. कागद तीस वर्षांपेक्षा जुना असला की आपोआप खरा मानला जातो असं काही जण सांगतात. मृत्युपत्राला ते लागू नाही.

हे न्यायालय मृत्युपत्र खरं की नाही एवढंच पाहतं. जमीन मुळात वडिलांचीच होती का, हा वाद दिवाणी दाव्यात जातो. मुदतीबाबत, अर्जाचा हक्क निर्माण झाल्यापासून 3 वर्षांचा नियम लावला जातो. मुदतीत असूनही वर्षभर गप्प बसलात तर तो उशीरच संशयाचं कारण म्हणून समोरून वापरला जातो.

तुमच्या घरी पहिल्या मृत्युपत्रावर आधीच प्रोबेट मिळालेलं असेल तर वाट वेगळी. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्याच कलम 263 खाली ते रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. नंतरचं मृत्युपत्र सापडणं हे तिथे कायद्यातच दिलेलं एक उदाहरण आहे.

एकमत असेल तर: नोंदणीकृत दस्त

या भावांनी ही वाट घेतली. धाकटा लगेच तयार झाला नाही. तो म्हणाला, "चार वर्षं मी मोटर बसवली, पाइपलाइन टाकली, त्याचं काय?" मुद्दा रास्त होता. पाइपलाइनचा खर्च आणि चार वर्षांचं उत्पन्न एकमेकांत वजा धरलं. बहिणीने मागचं उत्पन्न मागायचं नाही आणि धाकट्याने खर्च मागायचा नाही, हे दस्तातच लिहिलं. जे बोलून ठरतं आणि लिहिलं जात नाही, तेच पुढे भांडण होऊन येतं.

दस्तात बहिणीचे 20 गुंठे वडिलांच्या 2016 च्या मृत्युपत्रातून आले आहेत, असं स्पष्ट नमूद करावं. नाहीतर ते धाकट्याने दिलेलं बक्षीस वाटून मुद्रांक शुल्काचा प्रश्न उभा राहतो. शंका असेल तर सही करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय घ्या, किती शुल्क ते लेखी कळतं. तुकडेबंदीही पाहावी लागते. प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे आहे, म्हणून इथला प्रत्येक हिस्सा बसला. त्याहून लहान तुकडा करायचा असता तर नोंदणीतच अडलं असतं.

सातबाऱ्यावर धाकट्याच्या पीककर्जाचा सोसायटीचा बोजा होता. नावं वाढली म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. कर्ज कोणाच्या हिश्श्यावर राहणार ते दस्तात लिहिलं आणि सोसायटीचं पत्र जोडलं.

तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, नुसतं सापडलेलं मृत्युपत्र घेऊन जाण्यात अर्थ नसतो. मंजूर झालेला फेरफार त्याला रद्द करता येत नाही. जुन्या फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील होतं, त्याची मुदत 60 दिवस. ती उलटली असेल तर उशीर माफीचा अर्ज लागतो, आणि तिथेही मृत्युपत्र खरं की खोटं ठरत नाही. नोंदणीकृत दस्त किंवा न्यायालयाचा आदेश हातात घेऊन नवा फेरफार मागणं हाच सरळ मार्ग. हक्क मिळाल्यापासून 3 महिन्यांत तशी वर्दी द्यायची असते. मग नमुना 9 ची नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. प्रमाणित झाल्यावर तिघांनीही नवा सातबारा काढून नाव, क्षेत्र आणि बोज्याचा रकाना तपासावा. चूक तेव्हाच दिसली तर अर्जाने दुरुस्त होते.