रिॲलिटी टेलिव्हिजन आणि इन्फोटेनमेंट

पटकथा आणि व्यावसायिक नट यांच्याऐवजी खऱ्या माणसांवर व प्रत्यक्ष प्रसंगांवर बेतलेला करमणुकीचा कार्यक्रम म्हणजे रिॲलिटी टेलिव्हिजन. बातमी किंवा माहिती करमणुकीच्या घाटात मांडणारा कार्यक्रम म्हणजे इन्फोटेनमेंट. दूरचित्रवाणीच्या अभ्यासात दोहोंचा विचार एकत्र होतो, कारण दोन्हीकडे प्रेक्षक ‘हे खरोखर घडले’ असे धरून पाहतो. गाण्याच्या स्पर्धांमुळे बातमीला फारसा धक्का लागत नाही. गंभीर सरमिसळ झाली ती गुन्हे व पोलीस यांच्यावरील कार्यक्रमांत, आणि अमेरिकेत ती टप्प्याटप्प्याने पाहता येते.

फॉक्स वाहिनीवर ‘कॉप्स’ ११ मार्च १९८९ रोजी सुरू झाला. आदल्या वर्षी अमेरिकेत पटकथालेखकांचा संप पाच महिने चालला होता. नव्या वाहिनीला लेखक आणि नट यांच्यावाचून, कमी खर्चात उभा राहणारा कार्यक्रम हवा होता. छायाचित्रक पोलिसांच्या गाडीत बसून गस्तीवर जात. निवेदक नाही, हलता कॅमेरा, वायरलेसचा आवाज, अर्ध्या तासात तीन प्रसंग. ही सगळी बातमीच्या चित्रणाचीच भाषा होती. प्रसंग खरे असले तरी निवड मात्र नाट्यासाठी होई. रात्रभराची कंटाळवाणी गस्त संकलनात गळून पडे आणि पाठलाग व अटक उरे. अशा कार्यक्रमांतील गुन्हे पोलिसांच्या आकडेवारीशी ताडून पाहणाऱ्या मेरी बेथ ऑलिव्हर यांना १९९४ मध्ये आढळले, की पडद्यावर हिंसक गुन्ह्यांचे आणि उकललेल्या गुन्ह्यांचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त होते. खोटे एकही दृश्य न दाखवता चित्र खोटे होऊ शकते, ते असे. शिवाय चित्रीकरण पोलिसांच्या परवानगीवर चाले, त्यामुळे त्यांना अडचणीचे ठरेल असे काही पडद्यावर येणे अवघड होते.

पोलिसांबरोबर कॅमेऱ्याने कुठवर जावे, याची एक मर्यादा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘विल्सन विरुद्ध लेन’ खटल्यात आखली. वॉरंट बजावताना पत्रकारांना खासगी घरात नेणे घटनाबाह्य ठरले, कारण त्यांची तेथील उपस्थिती वॉरंटच्या कामाला मदत करणारी नव्हती.

पुढची पायरी एनबीसी या अमेरिकी वाहिनीच्या वृत्तविभागाने ओलांडली. ‘डेटलाइन’ या वृत्तकार्यक्रमात २००४ पासून ‘टू कॅच अ प्रेडेटर’ ही मालिका येऊ लागली. एका संस्थेचे स्वयंसेवक इंटरनेटवर अल्पवयीन मुले असल्याचे भासवून प्रौढांशी बोलत. भेटीस तयार झालेला माणूस छुपे कॅमेरे लावलेल्या घरात येई. तेथे पत्रकार क्रिस हॅन्सन त्याच्याच संभाषणाचे कागद घेऊन समोर उभे राहत, आणि पुढच्या भागांत दाराबाहेर पोलीसही थांबू लागले. एनबीसी त्या संस्थेला मानधन देऊ लागली. म्हणजे सापळ्याचा खर्च, जागा आणि चित्रण वाहिनीचे, आणि त्यावरची बातमीही तिचीच. ‘कॉप्स’मध्ये कॅमेरा घटनेमागे धावत होता, येथे घटना कॅमेऱ्यासाठी जुळवली जात होती.

नोव्हेंबर २००६ मध्ये टेक्सासमधील मर्फी येथे याचे परिणाम उघडे पडले. ऑनलाइन बोललेला एक सरकारी वकील ठरलेल्या घरी आलाच नाही. तेव्हा पोलिसांनी वॉरंट काढून त्याचे घर गाठले. विशेष सशस्त्र पथक आत शिरले, ‘डेटलाइन’चे लोक बाहेर होते. त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. मर्फीत पकडलेल्यांवर खटले चालवण्यास जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने नकार दिला. पुरावा आणि अधिकारक्षेत्र, दोन्हींत त्याला अडचणी दिसल्या. मृताच्या बहिणीच्या दाव्यात न्यायाधीश डेनी चिन यांनी २००८ मध्ये एनबीसीची दावा फेटाळण्याची मागणी पूर्णपणे मान्य केली नाही. जबाबदार पत्रकारितेची मर्यादा ओलांडून वाहिनीने पोलिसांच्या कामात बेपर्वा ढवळाढवळ केली, असा निष्कर्ष ज्यूरी काढू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे तडजोड झाली.

म्हणून एखादा कार्यक्रम तपासताना त्यात संगीत किती, नाट्य किती, हे मोजण्याने फारसे हाती लागत नाही; चांगल्या माहितीपटातही ते असते. कॅमेरा नसता तर ही घटना याच वेळी, अशीच घडली असती का, हा प्रश्न अधिक उपयोगी आहे. सापळ्याला पैसे कोणी दिले, चित्रण प्रसारणाआधी कोणाला दाखवले गेले आणि अटकेनंतर खटल्याचे काय झाले, हेही पाहावे लागते. शेवटची गोष्ट बहुतेक कार्यक्रम सांगतच नाहीत, कारण भाग अटकेवर संपतो.

प्रेक्षक भोळे असतात, हा समज मात्र टिकत नाही. ब्रिटनमधील प्रेक्षकांचा अभ्यास करणाऱ्या ॲनेट हिल यांना दिसले, की लोक रिॲलिटी कार्यक्रम संशयानेच पाहतात. कोण कॅमेऱ्यासाठी वागतो आहे आणि कोणाचा मुखवटा कधी गळतो, हे हेरतात. वास्तव ते काल्पनिक अशा पट्टीवर ते बातमीला वास्तवाच्या टोकाशी ठेवतात. ‘डेटलाइन’चा सापळा वृत्तविभागाच्या नावाने घरात येत होता, त्यामुळे स्पर्धेच्या कार्यक्रमाला सहज लागू होणारा हा संशय त्याच्या वाट्याला येण्याची शक्यता कमी होती.