चर्चा आटते, ठराव आटत नाही: इंग्रजी इतिवृत्ताचा मराठी सारांश

शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्यासाठी

कंपनीचे संचालक आपल्याच पट्ट्यातले कास्तकार असतात, पण बैठकीचे प्रोसिडिंग बहुतेक वेळा अमरावती-नागपूरचे सी.एस. इंग्रजीत लिहितात. अकरा पानांचा तो कागद गावातल्या सभासदाच्या कामाचा नाही. म्हणून आपण आमच्याकडे येता आणि म्हणता, "दोन पानांत मराठी करून द्या." ते आम्ही करतो. मात्र त्यात काय लहान होते आणि काय होत नाही, हे काम देण्याआधी समजून घ्यावे.

एक उदाहरण घेऊ. कंपनीला सोयाबीन साफ करून प्रतवारी करणारे यंत्र घ्यायचे आहे. इंग्रजी इतिवृत्तात त्यावर तीन पाने चर्चा आहे: कुणाचे दरपत्रक किती, हंगामाआधी यंत्र बसेल का, थ्री-फेज वीजजोडणी कधी मिळेल. ही तीन पाने आमच्या मराठीत चार ओळींची होतात. कोण काय म्हणाले हे गळते, मुद्दे राहतात. एखाद्या संचालकाने "माझे म्हणणे नोंदवा" असे सांगितले असेल, तर तेवढे मात्र त्यांच्या नावासह ठेवतो.

ठराव आला की हात आखडता घेतो. तो पूर्ण असा उतरतो:

"असे ठरविण्यात येते की, यंत्र खरेदीसाठी १८ लाख रुपयांपेक्षा जास्त नाही इतके मुदत कर्ज, थ्री-फेज वीजजोडणी मंजूर होण्याच्या अधीन राहून, बँकेकडून घ्यावे, आणि कर्जाच्या कागदपत्रांवर अध्यक्ष, उपाध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी यांपैकी कोणत्याही दोघांनी संयुक्तपणे सह्या कराव्यात."

हेच कुणी आटोपशीर करून "यंत्रासाठी १८ लाखांचे कर्ज मंजूर, सह्यांचा अधिकार अध्यक्ष, उपाध्यक्ष व सीईओंना" असे लिहिले, तर वाचायला सोपे वाटते. पण १८ लाख ही कमाल मर्यादा होती, ती आता ठरलेली रक्कम झाली. वीजजोडणीची अट नाहीशी झाली. आणि तिघांपैकी एकट्याची सहीही चालेल, असा अर्थ निघू लागला. उद्या आमसभेत सभासद हाच मराठी कागद हातात धरून जाब विचारतील, आणि त्या कागदावर मंडळाने न घेतलेला निर्णय असेल.

मतदानाचेही तसेच. आपल्याकडे "सर्वानुमते मंजूर" हे शब्द सवयीने पडतात. वरच्या बैठकीला ११ पैकी ९ संचालक हजर होते. बाजूने ५, विरोधात २, तटस्थ १. नववे संचालक एका पुरवठादार फर्ममध्ये भागीदार असल्याने हितसंबंध जाहीर करून या विषयापुरते बाहेर गेले. मराठीत हे चारही आकडे वेगवेगळे येतात आणि पुढे "बहुमताने मंजूर" असे येते. बाहेर गेलेल्यांना तटस्थ लिहिणे चूक आहे, कारण तटस्थ माणूस बैठकीत बसलेला असतो पण मत देत नाही, बाहेर गेलेले तर मतदानात नव्हतेच. शेवटी बेरीज हजेरीशी जुळवतो: ५, २, १ आणि १ मिळून ९. बेरीज जुळली नाही, तर बहुधा कुणीतरी मधेच उठून गेलेले असते. तेव्हा आम्ही अंदाज करत नाही, सी.एस.ना विचारतो. इंग्रजीतच "एकमताने" लिहून खाली तटस्थाचे नाव असेल, तरीही तेच करतो.

विरोध करणाऱ्यांची नावे गाळा, गावात वाद होतो, अशी विनंती कधी कधी येते. आम्हाला ती अडचण कळते, पण नावे गाळत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११८ नुसार विरोध करणाऱ्या किंवा सहमत नसलेल्या संचालकांची नावे इतिवृत्तात असावीच लागतात. आणि ज्याने विरोध नोंदवला, त्याचा तो उद्याचा आधार असतो.

आणखी एक शब्द जपावा लागतो. हिशेब तपासनीसाच्या शेऱ्यांची मंडळाने "नोंद घेतली" आणि ते "मान्य केले", यांत मोठे अंतर आहे. इंग्रजीत पहिले असेल, तर मराठीतही पहिलेच.

काम देताना इतिवृत्ताची अध्यक्षांची सही झालेली प्रत आणा, मसुदा नको. मसुदा बैठकीनंतर १५ दिवसांच्या आत संचालकांकडे जातो आणि त्यावर सूचना द्यायला ७ दिवस असतात. त्यात ठरावाचा एखादा शब्द बदलला, तर आधी वाटलेला मराठी सारांश खोटा पडतो. सोबत हजेरीपत्रक आणि बैठकीची विषयपत्रिका द्या.

तयार प्रतीवर सर्वांत वर "हा सभासदांच्या माहितीसाठी केलेला सारांश आहे, मूळ इंग्रजी इतिवृत्त प्रमाण मानावे" असे छापलेले असते. प्रत्येक ठरावाखाली मूळ इतिवृत्तातला परिच्छेद क्रमांक असतो. ज्याला पडताळायचे असेल, त्याने कंपनीच्या कार्यालयात तेवढाच परिच्छेद मागावा.