‘सरासरी 12 टक्के’ आणि ‘दरवर्षी 12 टक्के’: व्हिडिओतला एकच आकडा, दोन वेगळे हिशेब

निवृत्तीनंतरच्या उत्पन्नाबद्दलच्या व्हिडिओंमध्ये एक योजना पुन्हापुन्हा भेटते. 50 लाख शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या इंडेक्स फंडात टाका, दरवर्षी 4 लाख काढत राहा. बाजार 12 टक्के देतो, तुम्ही 8 टक्केच काढता, म्हणजे मुद्दल वाढतच जाणार. मग पडद्यावर कॅल्क्युलेटर येतो आणि सांगतो की 20 वर्षांनंतर, 80 लाख काढूनही, 1 कोटी 94 लाख शिल्लक राहतील.

या गणितात बेरीज-वजाबाकीची चूक नाही. गोंधळ 12 या आकड्यात आहे. बोलणारा सांगतो ती बाजाराची सरासरी, आणि कॅल्क्युलेटर मोजतो तो न चुकता दरवर्षी मिळणारा दर. पैसे नुसते पडून असतील तर या दोहोंतला फरक मर्यादित राहतो. त्यातून दरवर्षी रक्कम काढायची असेल, तर याच फरकावर सगळी योजना उभी राहते किंवा कोसळते.

म्हणून असा व्हिडिओ पाहताना आधी वाक्यं जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. सबटायटल्स असतील तर काम सोपं होतं. प्रत्येक वाक्यासमोर व्हिडिओतली वेळ लिहायची आणि ते सल्ला आहे की दावा, हे ठरवायचं. ‘4 लाख काढा’ हा सल्ला. ‘बाजार 12 टक्के देतो’ हा दावा. ‘1 कोटी 94 लाख उरतील’ हे आश्वासन, आणि ते बहुतेक वेळा तोंडाने उच्चारलं जात नाही, फक्त पडद्यावर दिसतं. त्यामुळे नुसती सबटायटल्स वाचून भागत नाही. कॅल्क्युलेटर दिसतो तिथे व्हिडिओ थांबवून त्यातला प्रत्येक रकाना टिपून ठेवावा लागतो. परताव्याचा दर भरायला एकच रकाना असेल, तर तो हिशेब ‘दरवर्षी 12’चा आहे हे तिथेच कळतं.

आता ‘सरासरी 12’ प्रत्यक्षात कशी वागते ते पाहू. समजा पाच वर्षांचे परतावे असे आले: उणे 30, उणे 10, अधिक 25, अधिक 40, अधिक 35. बेरीज 60, म्हणून सरासरी बरोबर 12 टक्के. पण 50 लाखांचे पाच वर्षांनी 74.4 लाख होतात. दरवर्षी 12 टक्के मिळाले असते तर 88.1 लाख झाले असते. कारण साधं आहे: 30 टक्के पडलेली रक्कम पूर्ववत व्हायला 30 टक्के वाढ पुरत नाही, जवळजवळ 43 टक्के लागते. या पाच वर्षांचा चक्रवाढ दर 8.3 टक्केच निघतो.

इथपर्यंतचा फरक पुष्कळांना माहीत असतो. पैसे काढायला लागल्यावर जे घडतं ते मात्र फार थोडे व्हिडिओ दाखवतात.

हीच पाच वर्षं घ्या आणि दर वर्षाअखेरीस 4 लाख काढा. वाईट वर्षं आधी आली, म्हणजे वर दिलेलाच क्रम राहिला, तर पाच वर्षांनी हातात उरतात 39.5 लाख. क्रम उलटा करा, चांगली वर्षं आधी आणि पडझड शेवटी, तर उरतात 57.5 लाख. परतावे तेच, सरासरी तीच, काढलेली रक्कम तीच, तरी फरक 18 लाखांचा. पैसे काढलेच नसते तर दोन्ही क्रमांत तेवढेच 74.4 लाख झाले असते. आणि कॅल्क्युलेटरच्या ‘दरवर्षी 12’ने पाचव्या वर्षी 62.7 लाख दाखवले असते, म्हणजे दोन्हींपेक्षा जास्त.

हे युनिटमध्ये, म्हणजे फंडातल्या आपल्या हिश्श्यांत, मोजलं की नीट समजतं. सुरुवातीला युनिटचा भाव 100 होता असं धरा. तुमच्याकडे 50,000 युनिट आहेत. पहिल्या वर्षी भाव 70 झाला, 4 लाखांसाठी 5,714 युनिट विकावे लागले. दुसऱ्या वर्षी भाव 63, तेव्हा 6,349 विकले. दोन वर्षांत जवळजवळ चोवीस टक्के युनिट गेले. पुढे बाजार कितीही उसळला तरी ती उसळी गेलेल्या युनिटना मिळत नाही. उलट्या क्रमात त्याच दोन वर्षांत सुमारे 5,079 युनिट विकून काम झालं असतं.

ही पाच वर्षं हिशेबासाठी मी रचलेली आहेत, पण सुरुवातीलाच लागोपाठ पडझड होणं कल्पनेतलं नाही. अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक 2000, 2001 आणि 2002 अशी सलग तीन वर्षं घसरला होता. जपानचा निक्केई 1989च्या अखेरीस जिथे होता, ती पातळी त्याने ओलांडली ती थेट फेब्रुवारी 2024 मध्ये. त्यात लाभांश धरलेला नाही हे खरं, पण 34 वर्षांची वाट त्याने फारशी सुसह्य होत नाही. ‘बाजार 12 टक्के देतो’ या वाक्यासमोर म्हणूनच तीन गोष्टी विचारायच्या: कोणता बाजार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि ही साधी सरासरी आहे की चक्रवाढ दर. व्हिडिओत उत्तर नसेल तर आपल्या नोंदीत त्या प्रश्नासमोरचा रकाना कोरा ठेवावा. आपल्या अंदाजाने तो भरला की दाव्यातली उणीव आपणच झाकतो.

न सांगितलेल्या जोखमींची यादी या कोऱ्या रकान्यांतूनच तयार होते. ‘बाजारातील जोखीम’ असं लिहिणं मला निरुपयोगी वाटतं. ते कुठल्याही व्हिडिओला चिकटवता येतं आणि त्यावरून काही ठरवता येत नाही. वरच्या योजनेसाठी जोखीम अशी लिहावी: ‘पहिली दोन वर्षं वरच्यासारखी वाईट गेली आणि शिल्लक 23.9 लाखांवर आली, तर 4 लाख म्हणजे तिच्या जवळजवळ 17 टक्के. त्या वर्षी काढणं थांबवता किंवा निम्मं करता येईल का? नसेल, तर तेवढी रक्कम फंडाबाहेर कुठे आहे?’ ज्याला दुसरं उत्पन्न आहे त्याचं उत्तर एक असेल, ज्याचा घरखर्च यावरच चालतो त्याचं दुसरं.

दुसरा कोरा रकाना महागाईचा. काढायची रक्कम 20 वर्षं 4 लाखच राहील हे व्हिडिओने न बोलता गृहीत धरलं आहे. महागाई 6 टक्के धरली, तर विसाव्या वर्षीच्या 4 लाखांत आजच्या सव्वा लाखाएवढंच सामान येतं. खर्चाबरोबर रक्कमही दरवर्षी 6 टक्के वाढवत नेली, तर अगदी दरवर्षी 12 टक्के मिळूनही शेवटी 1 कोटी 94 लाख नव्हे, 53 लाख उरतात. दर फक्त दोन टक्क्यांनी कमी, म्हणजे 10 टक्के धरला, तर 19व्या वर्षीची पूर्ण रक्कम निघतच नाही. आणि यात कर आणि फंडाचा खर्च अजून वजा केलेला नाही.