ओट्यावरून वाचता येईल अशी पाककृती

पुस्तक हातात धरून वाचताना ते डोळ्यांपासून साधारण ४० सेंटीमीटरवर असतं. तेच ओट्यावर ठेवून उभ्याने पोळ्या लाटायला लागलं, की अंतर ७० सेंटीमीटरपर्यंत जातं. अंतर वाढतं त्याच प्रमाणात अक्षर डोळ्याला लहान दिसतं. म्हणून हातात १२ पॉइंटचं जे अक्षर सहज वाचता येतं, ते ओट्यावर तेवढंच मोठं दिसायला १२ × ७० ÷ ४०, म्हणजे २१ पॉइंटचं लागतं. घरच्या पाककृतींचं पुस्तक छापताना पहिला हिशेब हा करावा. मात्र तोच पॉइंट दिला तरी काही फॉन्टमध्ये अक्षर लहान उमटतं, त्यामुळे एक पान छापून ओट्यावर ठेवून बघणं हाच खरा निकाल.

देवनागरीत वेलांट्या आणि मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतात. ओळी जवळ आल्या की ‘कुटून’चे उकार खालच्या ओळीतल्या ‘मिरी’च्या वेलांट्यांना भिडतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट ठेवलं, तर हे टळतं. फॉन्ट मुक्तासारखा साधा आणि जाडीला मध्यम घ्यावा. फार बारीक रेघांच्या अक्षरात वाफ आणि पिवळ्या दिव्याखाली अनुस्वार हरवतो, आणि १ व ९ यांच्यात गल्लत होते.

सगळ्यात महागात पडतो तो अपूर्णांक. ‘१ १/२ वाटी’ टाइप करताना मधली जागा निसटली की ‘११/२’ होतं. ‘दीड वाटी’, ‘पाऊण चमचा’ असं अक्षरी लिहिलं की ही चूक होण्याची शक्यताच राहत नाही. ‘च.’ असं आखडतंही लिहू नये. लहान चमचा ५ मिलिलिटरचा, मोठा १५ चा, म्हणजे मिठात थेट तिप्पट फरक. आकडा ओळीच्या शेवटी आणि ‘वाटी’ पुढच्या ओळीत असं तुटू नये, म्हणून वर्डमध्ये त्यांच्यामध्ये Ctrl+Shift+Space दाबून जागा सोडावी.

आता पुरणपोळीची कृती घ्या. स्वयंपाक करताना नजर पानावरून कढईकडे जाते आणि परत येते, तेव्हा आपण कुठे होतो ते शोधावं लागतं. सलग परिच्छेदात ते सापडत नाही. म्हणून साहित्य वापरण्याच्या क्रमाने, एका ओळीत एकच, आणि प्रमाण डावीकडे एकाखाली एक:

१ वाटी चणाडाळ
१ वाटी चिरलेला गूळ
अर्धा लहान चमचा वेलचीपूड

कृतीत प्रमाण पुन्हा लिहावं, म्हणजे यादीकडे परतावं लागत नाही:

१. १ वाटी डाळ मऊ शिजवून चाळणीत निथळा. कट आमटीसाठी ठेवा.
२. डाळीत १ वाटी गूळ घालून मंद आचेवर आटवा.
३. पुरणात डाव उभा राहिला की गॅस बंद करा. वेलचीपूड अर्धा लहान चमचा घालून गरम असतानाच वाटा.

पायऱ्यांमध्ये अर्ध्या ओळीची मोकळी जागा सोडावी. यादी डाव्या पानावर आणि कृती समोरच्या उजव्या पानावर आली, की कणकेच्या हाताने पान उलटावं लागत नाही.

कागद गुळगुळीत नको, त्यावर दिव्याची चमक येते आणि नेमकी मधली ओळ दिसेनाशी होते. साध्या कागदावर तेल पडलं की तंतूंमधल्या हवेची जागा तेल घेतं, कागद पारदर्शक होतो आणि मागची अक्षरं पुढे दिसू लागतात. त्यासाठी जाड कागद घ्यावा.