कोर्स मध्येच सोडला तर फी किती परत मिळते?

आमचा टॅली आणि जीएसटीचा ऑनलाइन कोर्स बारा आठवड्यांचा आहे. प्रत्येक बॅचमध्ये एखाद-दोघांना तो अर्ध्यावर सोडावा लागतो. कुणाला नोकरी लागते, कुणाच्या घरी आजारपण येतं, कुणाला दोन धड्यांतच कळतं की हे आपलं काम नाही. अशा वेळी हाती किती पैसे येतील याचा हिशेब फी भरण्याआधीच तुमच्याजवळ असावा, म्हणून हे पत्रक काढलं आहे. दुसऱ्या कुठल्या कोर्सला नाव घालणार असाल तरी यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्हाला तिथे तपासून पाहता येतील.

आधी कायद्याचं. मन बदललं म्हणून ऑनलाइन कोर्सची फी परत मिळालीच पाहिजे, असा सरसकट हक्क भारतात नाही. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये दूरवरून केलेल्या खरेदीसाठी साधारणपणे १४ दिवसांची मुदत कायद्यानेच ठरवून दिली आहे. आपल्याकडे ही मुदत विक्रेत्याच्या अटींमधून येते, म्हणून त्या अटी वाचणं भाग आहे. सेवेतच खोट असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष सेवेचे पैसे पावतीवर लिहिलेल्या मुदतीत परत न करणं, किंवा अशी मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत परत न करणं, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. कबूल केलेले तास आम्ही घेतलेच नाहीत, तर खाली दिलेल्या मुदती तुम्हाला लागू होत नाहीत.

मुदत कुठून मोजायची?

परताव्याच्या अटी बहुतेक ठिकाणी तीन टप्प्यांत असतात. सुरुवातीचे काही दिवस पूर्ण फी परत, त्यानंतर वापराच्या प्रमाणात परत, आणि एका टप्प्यानंतर काहीच नाही. पहिला टप्पा बहुधा ७, १४ किंवा ३० दिवसांचा असतो. रेकॉर्ड केलेल्या कोर्सला त्यासोबत आणखी एक अट जोडलेली असते, की ठरावीक भागापेक्षा जास्त धडे पाहिलेले नसावेत. ही अट रास्त आहे, कारण सगळे धडे एकदम खुले असतील तर दोन दिवसांत पूर्ण कोर्स पाहून पैसे परत मागता येतात.

दिवसांचा आकडा सगळ्यांच्या नजरेत भरतो. खरा फरक पडतो तो दिवस कधीपासून मोजायचे यावर. समजा, सवलत मिळते म्हणून तुम्ही २० मार्चला फी भरली आणि बॅच १० एप्रिलला सुरू झाली. पैसे भरल्यापासून १४ दिवस मोजले, तर पहिला धडा दिसायच्या आतच मुदत संपून गेलेली असते. अशी मुदत कागदावर असली काय आणि नसली काय, सारखंच.

आमच्याकडे मोजणी तुमचा प्रवेश खुला झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून होते. पहिल्या १० दिवसांत पूर्ण फी परत. आमचे धडे आठवड्याला तीन या गतीने उघडतात, त्यामुळे १० दिवसांत फार तर सहा धडे दिसतात आणि किती पाहिले हे विचारायची गरजच राहत नाही. त्यानंतर आठव्या आठवड्याअखेरपर्यंत वापराच्या प्रमाणात परत. नवव्या आठवड्यापासून प्रत्येकाच्या प्रकल्पाची वैयक्तिक तपासणी सुरू होते, म्हणून तिथून पुढे परतावा नाही. तारीख तुमचा ई-मेल आल्याची धरली जाते. आम्ही तो उघडून पाहायला उशीर केला, तरी त्याचा भुर्दंड तुमच्यावर येत नाही.

प्रमाण कसलं?

‘वापराच्या प्रमाणात’ एवढंच लिहिलं तर त्याचे तीन वेगवेगळे अर्थ निघू शकतात: उलटलेले आठवडे, खुले झालेले धडे किंवा तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेले धडे. एकाच विद्यार्थ्याला या तिन्हींतून वेगळी रक्कम मिळू शकते, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो.

कोर्सची फी १०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,८०० रुपये, एकूण ११,८०० रुपये. या १०,००० पैकी ६,००० रुपये बारा लाइव्ह तासांचे आणि ४,००० रुपये छत्तीस रेकॉर्ड केलेल्या धड्यांचे. ही विभागणी तुमच्या पावतीवर छापलेली असते. समजा, एका ताईंनी पाचव्या आठवड्याच्या रविवारी कोर्स सोडत असल्याचं कळवलं. तोवर पाच लाइव्ह तास झाले होते आणि त्यांतल्या तीनांना त्या हजर होत्या. पंधरा धडे खुले झाले होते, त्यांनी नऊ पाहिले होते.

लाइव्ह तास आम्ही झालेले धरतो, हजेरी नाही. शिक्षकांचा वेळ आणि बॅचमधली जागा त्या दिवशी खर्च झालेली असते. म्हणजे ६,००० पैकी पाच तासांचे २,५०० वापरले गेले, ३,५०० उरले. आमच्या अडचणीमुळे रद्द झालेला तास मात्र झालेला धरला जात नाही. रेकॉर्ड केलेले धडे आम्ही पाहिलेलेच धरतो, कारण न उघडलेल्या धड्याने आमचं काही खर्च होत नाही. नऊ धड्यांचे १,००० गेले, ३,००० उरले. एकूण ६,५०० रुपये आणि त्यावरचा जीएसटी १,१७०, म्हणजे ताईंना ७,६७० रुपये परत. नुसते आठवडे मोजले असते तर बारापैकी सात आठवडे उरले म्हणून जीएसटी धरून सुमारे ६,८८३ रुपये मिळाले असते.

अर्ध्याहून अधिक चाललेला धडा आम्ही पाहिलेला समजतो. त्या धड्याची नोट्सची फाइल उतरवून घेतली असेल तरी तो पाहिलेलाच, कारण ती तुमच्याजवळ राहते. ही नोंद तुमच्या खात्यात ‘माझी प्रगती’मध्ये दिसते. अर्ज करण्याआधी ती स्वतः तपासा आणि चूक वाटली तर तेव्हाच सांगा.

आणखी एक जागा, जिथे ग्राहकाचे पैसे गुपचूप कापले जातात, ती म्हणजे सवलत. छापील फी १५,००० आणि तुम्ही भरले १०,०००, असं समजा. बारापैकी चार तास झाले. भरलेल्या रकमेवर हिशेब केला तर साधारण ६,६६७ रुपये परत यायला हवेत. पण ‘कोर्स सोडल्यास सवलत रद्द’ असं कलम असेल, तर चार तासांचे छापील दराने ५,००० कापले जातात आणि हाती ५,०००च येतात. आमच्या अटींत हे कलम नाही; हिशेब नेहमी भरलेल्या रकमेवर होतो. इतरत्र फी भरताना हे वाक्य अवश्य शोधा.

पैसे हाती येताना

रक्कम ठरली की आम्ही क्रेडिट नोट देतो आणि ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने, म्हणजे यूपीआय किंवा कार्डवर, परत पाठवतो. पेमेंट गेटवेचं शुल्क आम्हाला परत मिळत नाही, पण ते तुमच्याकडून कापत नाही.

फी कर्जकंपनीच्या मासिक हप्त्यांवर घेतली असेल तर जरा जपून. तो करार तुमचा आणि कर्जकंपनीचा असतो, त्यामुळे परतावा आधी तिच्याकडे जमा होतो. परतावा मंजूर झाला म्हणून हप्ता लगेच थांबवू नका. कर्जखातं बंद झाल्याचं पत्र येईपर्यंत हप्ता चुकला, तर त्याची नोंद तुमच्या क्रेडिट अहवालात जाऊ शकते. तोवर भरलेलं व्याज परत मिळेल की नाही, हे त्या कंपनीच्या अटींवर ठरतं.

अर्जासाठी नोंदणी केलेल्या ई-मेलवरून पावती क्रमांक कळवला की पुरे, कारण सांगायची सक्ती नाही. अर्ज आल्यावर प्रवेश बंद होतो आणि मोजणी तिथेच थांबते. वर दाखवला तसा हिशेबाचा कागद आम्ही तुम्हाला पाठवतो आणि तुम्ही तो मान्य केल्यावरच रक्कम रवाना होते. आकडा पटला नाही आणि आमच्या उत्तरानेही समाधान झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.