फोटोतला पाय चार्ट खरा की खोटा, कसं तपासायचं?

जुळे सोलापूरमधल्या एका सोसायटीच्या वार्षिक मीटिंगला वर्षभराच्या खर्चाचा फ्लेक्स लावलेला, गोल पाय चार्ट, पाच रंग, आणि त्याचा खालून काढलेला फोटो ग्रुपवर आला. आकडे असे होते: टँकरचं पाणी ३८ टक्के, सिक्युरिटी २४, लिफ्ट आणि कॉमन लाइट १९, साफसफाई १२, दुरुस्ती ९. कुणीतरी मोबाइलवर बेरीज केली तर १०२ आली आणि ग्रुप पेटला. त्यात एका काकांनी फोटोची प्रिंट काढून त्यावर चक्क कोनमापक ठेवला आणि सांगितलं, "अहो, सिक्युरिटीचा तुकडा २४ चा नाहीच, साडेअठ्ठावीस भरतोय, वॉचमनच्या नावावर पैसे खाल्लेत." आता यातलं खरं किती आणि फोटोची करामत किती, हे शोधता येतं का? येतं, आणि त्याला दहावीच्या वृत्तालेखाच्या धड्यापेक्षा फार जास्त गणित लागत नाही.

आधी बेरीज. १०२ आली म्हणजे लगेच चोरी असं नसतं, कारण टक्के पूर्णांकात लिहिताना राउंड करतात, ३७.६ चे ३८ होतात, ८.६ चे ९ होतात. एका आकड्यात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो, पाच आकड्यांत मिळून अडीचचा, त्यामुळे पाच तुकड्यांच्या चार्टची बेरीज ९८ ते १०२ मध्ये कुठेही येऊ शकते. १०३ आली तर राउंडिंगचं कारण चालणार नाही, तिथे चूक आहेच. पण "येऊ शकते" आणि "सहसा येते" यात मोठं अंतर आहे. पाच तुकडे असले आणि दशांश कसेही पडले असं धरलं तर दहापैकी साधारण सहा वेळा बेरीज बरोबर १०० येते, चार वेळा ९९ किंवा १०१ येते, आणि १०२ यायला पाचही आकडे एकाच बाजूला बऱ्यापैकी वर ढकलले जावे लागतात, तसं चारशेत एखाद्या वेळेस होतं. म्हणजे १०२ हा पुरावा नाही पण संशयाला जागा नक्की आहे, आणि म्हणून आता आकडे सोडून चित्राकडे बघायचं.

चित्राचा हिशोब सोपा आहे, पूर्ण वर्तुळ ३६० अंश म्हणून एक टक्का म्हणजे ३.६ अंश. सिक्युरिटीचे २४ टक्के म्हणजे ८६.४ अंश, लिफ्टचे १९ म्हणजे ६८.४ अंश. काकांनी हेच केलं, त्यांची पद्धत चुकीची नव्हती, फक्त त्यांनी कोनमापक वर्तुळावर ठेवलाच नव्हता. फ्लेक्स उंचावर आणि फोटो खालून तिरका, त्यामुळे फोटोत चार्ट ८०० पिक्सेल रुंद आणि ६०० पिक्सेलच उंच आला होता. ते लंबवर्तुळ झालं, आणि लंबवर्तुळात कोन सरळ सरळ खोटं बोलतात. उंची दबली की वरच्या आणि खालच्या बाजूचे तुकडे फाकल्यासारखे मोठे दिसतात आणि डाव्या-उजव्या बाजूचे चिमटल्यासारखे बारीक दिसतात. या चार्टमध्ये पाण्याचा तुकडा बारा वाजल्याच्या रेषेपासून सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने जात होता, त्यामुळे सिक्युरिटी नेमकी तळाला मध्यभागी आली आणि लिफ्ट डाव्या बाजूला. तळाला बसलेल्या खऱ्या ८६.४ अंशांच्या तुकड्याची उंची पाऊणपट दाबली तर तो १०३ अंशांच्या आसपास दिसतो, आणि त्याचे टक्के काढले तर साडेअठ्ठावीस. काकांचा आकडा हुबेहूब तोच. म्हणजे सिक्युरिटीवाल्यांवरचा आरोप फक्त कॅमेऱ्याच्या तिरकेपणातून आला होता, आणि एवढ्यावरून कुणा वॉचमनची नोकरी गेली असती तर फार वाईट झालं असतं.

उपाय काय तर फोटो परत गोल करायचा. कुठल्याही फोटो एडिटरमध्ये रिसाइझला जा, रुंदी-उंचीचं प्रमाण बांधून ठेवणारी खूण काढा, आणि ६०० ची उंची ८०० करा, बास. (लंबवर्तुळ जर तिरपं झुकलेलं असेल तर आधी फोटो फिरवून त्याची लांब बाजू आडवी करून घ्या, नाहीतर ताणून काही उपयोग नाही.) आता वर्तुळ झालं की मग कोनमापक ठेवा, किंवा फोटोतच कोन मोजणारं टूल असेल तर ते वापरा. तसं केल्यावर पाण्याचा तुकडा साधारण १३७ अंश, म्हणजे ३८ टक्के. सिक्युरिटी ८६, म्हणजे २४. साफसफाई ४३, म्हणजे १२. दुरुस्ती ३२ ते ३३, म्हणजे ९. आणि लिफ्ट? ६१ अंश. ६१ ला ३.६ ने भागा, १७ येतात. लिहिलेत १९.

इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे, कारण १०२ ची बेरीज तीन वेगवेगळ्या रस्त्यांनी येऊ शकते आणि त्यातला तिसरा रस्ता लिफ्टच्या तुकड्यावरून वेगळा ओळखता येतो. पहिला रस्ता राउंडिंगचा: खरे आकडे ३७.६, २३.६, १८.६, ११.६, ८.६ असे काहीतरी असले, तर लिफ्टचा तुकडा १८.६ च्या जवळपास दिसला पाहिजे. दुसरा रस्ता असा की हे पाच चुकीचे टक्केच कुणीतरी एक्सेलमध्ये टाकले आणि चार्ट काढला. एक्सेल तक्रार करत नाही, ते आपलं दिलेल्या बेरजेला, म्हणजे १०२ ला, पूर्ण वर्तुळ समजून सगळे तुकडे थोडे थोडे आवळतं, पाण्याचे ३८ चे ३७.३ होतात आणि लिफ्टचे १९ चे परत १८.६. पाय चार्टची सगळ्यात धोकादायक सवय हीच आहे, आकडे कितीही गंडलेले असले तरी वर्तुळ नेहमी पूर्णच दिसतं, एकावर एक रचलेल्या बार चार्टसारखं काही १०० च्या बाहेर डोकावत नाही. तिसरा रस्ता म्हणजे तुकडे बरोबर आहेत पण लेबल टाइप करताना १७ चे १९ झाले. पहिल्या दोन्हींत लिफ्ट ६७ अंशांच्या आसपास पाहिजे, तिसऱ्यात ६१. मोजमाप ६१ म्हणतंय, बाकीचे चार तुकडे आपापल्या लेबलशी जुळतायत, आणि १९ च्या जागी १७ ठेवले की बेरीज बरोबर १०० होते. सगळं एकाच ठिकाणी बोट दाखवतंय.

पण फोटोवरून ६१ आणि ६७ मधला फरक खात्रीने सांगता येतो का, हा प्रश्न रास्त आहे. ताणून गोल केलेल्या चार्टची त्रिज्या ४०० पिक्सेल, म्हणजे कडेवर एक अंश सुमारे ७ पिक्सेलचा आणि एक टक्का २५ पिक्सेलचा. कडेवरची खूण किंवा मधला बिंदू धरताना आपल्याकडून चार-पाच पिक्सेल इकडेतिकडे होतातच, त्यामुळे एका तुकड्यात अंश-दीड अंशाची चूक धरून चालावी. सहा अंशांचा फरक त्यात लपत नाही. उलट ३८ की ३७.३ हे या फोटोवरून भांडत बसण्यासारखं नाही, तो फरक अडीच-पावणेतीन अंशांचाच आहे, आणि चार्ट फोटोत २०० पिक्सेलचा एवढासा आला असेल तर मग १७ आणि १९ सुद्धा नीट वेगळे करता येणार नाहीत.

कोन मोजायचे नसतील तर अजून एक पद्धत आहे आणि मला ती जास्त आवडते, कारण तिच्यात फोटो ताणायची पण गरज नाही. ताटातली भाकरी चार सारख्या तुकड्यांत कापून तिरक्या नजरेने पाहिली तर तुकडे वेगवेगळ्या आकाराचे भासतात, पण नजरेच्या तिरकेपणाने प्रत्येक तुकड्याची उंची सारख्याच पटीने दबलेली असते, म्हणून क्षेत्रफळाचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. चार्टचं पण तसंच. कोन बिघडतात, क्षेत्रफळांचं प्रमाण टिकतं. म्हणून गिम्पसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकेक रंग निवडायचा, हिस्टोग्रामच्या खिडकीत निवडलेल्या भागाचे पिक्सेल किती ते लिहायचं, आणि त्याला पाचही रंगांच्या पिक्सेलच्या बेरजेने भागायचं. फक्त तुकड्यावर छापलेली पांढरी अक्षरं पिक्सेल खातात, बारीक तुकड्यात तर बरेच खातात, तेव्हा आधी ती त्याच रंगाने भरून घ्या. फ्लॅश चमकून रंग उडाला असेल तिथेही तेच.

या दोन्ही पद्धती कधी फसतात तेही सांगितलं पाहिजे. आत्तापर्यंत आपण धरलं की वर्तुळ सगळीकडे सारखंच दबलंय, पण अगदी जवळून मान वर करून फोटो काढला तर चार्टची खालची बाजू कॅमेऱ्याच्या जवळ म्हणून मोठी येते आणि वरची लांब म्हणून छोटी, मग खालच्या तुकड्यांचं क्षेत्रफळसुद्धा फुगतं. हे ओळखायची खूण सोपी आहे. तुकड्यांच्या रेषा जिथे एकत्र येतात तो बिंदू लंबवर्तुळाच्या बरोबर मध्यावर आहे का बघा, ६०० च्या उंचीत तो वरून ३०० आणि खालून ३०० पाहिजे. तो वर सरकून २७५ आणि ३२५ झाला असेल तर नुसतं ताणून भागणार नाही, फ्लेक्सचे चारही कोपरे धरून फोटो सरळ करावा लागेल, मोबाइलच्या डॉक्युमेंट स्कॅनमध्ये होतं तेच काम. सोसायटीच्या फोटोत तो बिंदू मध्यापासून ४-५ पिक्सेलच सरकलेला होता, कारण फोटो लांबून झूम करून काढला होता. आणि फ्लेक्स वाऱ्याने फुगलेला किंवा मधून चुरगळलेला असेल तर कोपरे धरूनही काही होत नाही, परत जाऊन फोटो काढा.

राहिला एक मुद्दा: लेबल आणि तुकडा जुळत नाही एवढंच फोटो सांगतो, दोघांपैकी खरा कोण हे तो सांगत नाही. फ्लेक्सच्या दुकानात कधीकधी तुकडे कोरलमध्ये अंदाजाने हाताने पण काढतात, तसं असतं तर चारही तुकडे इतके चोख बसले नसते, हा तर्क बरा आहे पण शेवटी तर्कच. म्हणून खजिनदारांकडे रुपयांचा तक्ता मागितला. एकूण खर्च १२,००,००० आणि लिफ्ट-लाइट २,०४,०००. भागाकार केला, १७ टक्के. टाइप करणाऱ्याचं बोट चुकलं होतं, आणि पुढच्या वर्षीपासून फ्लेक्सवर टक्क्यांच्या शेजारी रुपये पण छापायचे असं मीटिंगमध्ये लिहून घेतलं.